अंदाज 314, बिल 396

कॅब बुक करताना ॲपवर अंदाज आला 314, आणि उतरताना बिल आलं 396. वाद घालण्याआधी मी पावती उघडून हिशेब मांडला.

पावतीवर दर लिहिलेले होते. मूळ भाडं 40, किलोमीटरमागे 12, मिनिटामागे 2, बुकिंग शुल्क 20 आणि मागणी वाढली की भाड्याला लागणारा सर्ज 1.4 पट. ॲपने 10 किलोमीटर आणि 25 मिनिटं गृहीत धरली होती. म्हणजे 40, 120 आणि 50 मिळून 210. त्याची 1.4 पट 294, वर शुल्काचे 20. अंदाज बरोबर जुळला. इथे बुकिंग शुल्काला सर्ज लागत नाही, पण किलोमीटर आणि मिनिटं दोन्हींना लागतो.

प्रत्यक्षात अंतर 11.5 किलोमीटर झालं आणि वेळ 41 मिनिटं. 25 मिनिटांचा आकडा बुकिंगच्या क्षणाच्या वाहतुकीवरून काढलेला होता, आणि त्यानंतर पाऊस वाढला. जादा 16 मिनिटांचे 32 व्हायला हवे होते, पण सर्जमुळे 44.80 झाले. सर्ज बुकिंगच्या वेळीच ठरतो. नंतर मागणी ओसरली तरी त्या फेरीपुरता तो तेवढाच राहतो, त्यामुळे सिग्नलला अडकलेलं प्रत्येक मिनिट मला 2.80 ला पडलं. पावसात सर्ज आणि कोंडी बहुतेक वेळा जोडीनेच येतात, म्हणून अंदाज नेमका तेव्हाच जास्त चुकतो.

जादा दीड किलोमीटरचे 25.20 झाले. उरलेले 12 थांबण्याचे. खाली यायला मला उशीर झाला, आणि फुकट मिनिटं संपल्यावर 3 च्या दराने 4 मिनिटं मोजली गेली. ती सर्जच्या बाहेर. 44.80, 25.20 आणि 12, बेरीज 82. फरक पैन्‌पै लागला.

काही ॲप बुकिंगच्या वेळीच पक्की रक्कम सांगतात. तिथे साधारण कोंडीचा धोका कंपनी घेते आणि वाटेत थांबा वाढवला, ठिकाण बदललं किंवा मार्ग फारच वेगळा झाला तरच नवा हिशेब होतो. माझ्या स्क्रीनवर रकमेआधी ‘अंदाजे’ होतं, त्यामुळे कोंडीबद्दल भांडायला जागा नव्हती.

अंतराबद्दल मात्र होती. पावतीवरच्या नकाशात गाडी उड्डाणपुलावर गेलेली, पुढून वळून परत खाली आलेली स्पष्ट दिसत होती. जीपीएस भरकटलं की रेघ इमारतींमधून तुटक उड्या मारते. ही रेघ सरळ रस्त्यावरूनच होती, म्हणजे वळण चुकलं होतं. पावतीतल्या ‘भाड्याबद्दल तक्रार’ मध्ये मी एवढंच लिहिलं आणि नकाशाचा स्क्रीनशॉट जोडला.

दुसऱ्या दिवशी 33.60 परत आले. वळशाच्या दीड किलोमीटरचे 25.20 आणि त्यात गेलेल्या 3 मिनिटांचे 8.40. परतावाही 1.4 पटीनेच काढलेला होता.