मलपृष्ठावरचं गिरणगाव

“मूळ इंग्रजी पुस्तकाच्या मागे गिरणगावाचं नावही नाही. मग मराठीत ते कुठून आलं? ब्लर्बचं सरळ भाषांतर का करत नाही?”

मी आणलं. आणि आणल्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत, म्हणून एकदा नीट सांगते.

कादंबरी १९८४-८५च्या ब्रिटिश खाण कामगारांच्या संपावरची. यॉर्कशायरमधलं कोळशाच्या खाणीचं गाव आणि दोन भाऊ. एक शेवटपर्यंत संपात राहतो, दुसरा नाताळाआधी कामावर जातो. इंग्रजी ब्लर्बमध्ये कुठेही ‘हा संप होता’ असं समजावून सांगितलेलं नव्हतं. ‘ऑरग्रीव्हचा उन्हाळा’ एवढं म्हटलं की तिकडच्या वाचकाच्या डोळ्यासमोर १८ जून १९८४चे घोडेस्वार पोलीस उभे राहतात. ‘मॅगी’ म्हटलं की थॅचरबाई. आपल्याकडे मॅगी म्हणजे दोन मिनिटांत होणारा खाऊ. पुस्तकाच्या आत तळटीप देता येते, मलपृष्ठावर येत नाही. अर्ध्या पानात लेखकाचा फोटो, किंमत आणि बारकोड जाऊन माझ्या वाट्याला शंभर-सव्वाशे शब्द उरतात. वाचक ते दुकानात उभ्याउभ्या वाचतो आणि तिसऱ्या ओळीपर्यंत काही कळलं नाही, तर पुस्तक खाली ठेवतो. सरळ भाषांतर मी आधी केलं होतं. प्रकाशकांच्या कचेरीतल्या तिघांना वाचायला दिलं. तिघांनीही विचारलं, ऑरग्रीव्ह कोण?

म्हणून मॅगीच्या जागी ‘पंतप्रधान मार्गारेट थॅचर’ लिहिलं, ऑरग्रीव्हच्या जागी ‘पोलिसांनी संपकऱ्यांवर घोडे घातले’. या बदलांवर अजून कोणी हरकत घेतलेली नाही. ‘स्कॅब’वर मात्र चार दिवस गेले. इंग्रजीत ती जखमेवरची खपली आणि संप मोडणाऱ्याला दिलेली शिवी, दोन्ही आहे. प्रकाशक म्हणाले, ‘गद्दार’ लिहा, जोरदार आहे. पण हल्ली मराठीत तो शब्द ऐकला की आमदार आठवतात, आणि ‘फुटीर’चंही तेच. शेवटी कामगारांचाच शब्द घेतला, ‘संपफोड्या’. खपली गेली, त्याला इलाज नव्हता.

मग पहिलं वाक्य. मी लिहिलं, ‘गिरणगावाने जे सोसलं, तेच यॉर्कशायरच्या या गावानेही सोसलं.’ मला ते फार आवडलं होतं. करारानुसार मलपृष्ठाचा मजकूर परत इंग्रजी करून लेखकाच्या एजंटकडे मंजुरीला पाठवावा लागतो. तिथून एका दिवसात होकार आला. तेव्हा बरं वाटलं. आज वाटतं, त्या बाईंना गिरणगाव म्हणजे काय हे ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. त्या होकाराला मी आधार मानायला नको होता.

इंग्रजीतली शेवटची ओळ मी काढून टाकली होती. तिचा अर्थ असा, की वर्षभराने माणसं बँडमागून कामावर परत जातात. काढायची कारणं दोन. एक, मराठीत ‘बँडमागून’ म्हटलं की वरात निघते. खाणींचे आपापले ब्रास बँड असत, खाण कामगारच ते वाजवत, हे सांगायला आणखी दोन वाक्यं लागली असती. दुसरं, तिकडच्या वाचकाला संप हरला हे आधीच माहीत असतं. इथल्या वाचकाला मात्र शेवट मलपृष्ठावरच कळला असता. तिच्याऐवजी मी लिहिलं, ‘...आणि एक दिवस संप संपतो.’

पुस्तक आल्यावर दोनेक महिन्यांनी एका गृहस्थांचा फोन आला. डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेले, आता बदलापूरला राहतात. वडील साचेखात्यात होते. आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाले, “बाई, तुमच्या मागच्या पानावर गिरणगाव वाचून मी पुस्तक घेतलं. पूर्ण वाचलं. चांगलं आहे. पण शेवटी ती माणसं युनियनचं निशाण घेऊन, बँड लावून, रांगेनं खाणीवर परत जातात. हरलेली आहेत, पण एकत्र जातात. आमचे वडील कुठे परत गेले?”

मी काहीतरी बोलले. ब्लर्ब म्हणजे जाहिरातच असते, सव्वाशे शब्दांत किती सांगणार, असं काहीसं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “आणि तुम्ही लिहिलंय, एक दिवस संप संपतो. आमचा संप कोणी मागे घेतला? सांगा ना, कुठल्या तारखेला?”

मला तारीख सांगता येईना, कारण ती नाहीच. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. कोणी एकेकटे गेटवर जाऊन उभे राहिले, कोणी गावी गेले, कित्येकांना परत घेतलंच नाही. यॉर्कशायरच्या संपाला मात्र शेवट आहे. ३ मार्च १९८५ला प्रतिनिधींनी मतदान केलं, ९८ विरुद्ध ९१, आणि दोन दिवसांनी लोक रांगेनं परत गेले. पुढे त्यांच्याही खाणी बंद पडल्या, हे खरं. पण परत जायला त्या दिवशी दार होतं.

‘तेच’ या एका शब्दात मी दोन्ही शेवट एक करून टाकले होते. आणि ज्या ओळीने फरक दिसला असता, ती माझ्याच हाताने काढली होती.

तरीही मी तेव्हाच्या मला पूर्ण दोषी धरत नाही. अकराशेची आवृत्ती दीड वर्षात संपली, आणि गिरणगाव वाचून पुस्तक उचललं असं सांगणारे पुष्कळ भेटले. तो शब्द नसता, तर हे गृहस्थही पुस्तकापर्यंत पोचले नसते. हे मी त्यांना फोनवर म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

दुसऱ्या आवृत्तीत वाक्य बदललं: ‘मुंबईत गिरणी संप सुरू झाल्यावर दोन वर्षांनी, यॉर्कशायरमधल्या एका गावात खाणीचं काम थांबलं.’ सारखेपणा मी सांगत नाही, फक्त दोन्ही संप काळाच्या रेषेवर जवळ ठेवते. वाचकाने हवं तर जोडावं. गिरणगाव हा शब्द गेला. ‘एक दिवस संप संपतो’ हेही काढलं.

बँडची ओळ परत घालायची का, यावर प्रकाशकांशी दोनदा बोलणं झालं. ते म्हणतात, शेवट फुटतो. मी एक मसुदा केलाय: ‘खाणीच्याच कामगारांचा बँड पुढे, आणि मागे वर्षभर उपाशी राहिलेलं गाव.’ यात हार की जीत ते सांगितलेलं नाही, आणि वरातही निघत नाही. पण कुठे परत चाललेत, तेही त्यात नाही. बदलापूरच्या गृहस्थांना तेच तर हवं होतं. मसुदा फाइलमध्ये पडून आहे. तिसरी आवृत्ती निघाली तर पुन्हा बसेन.