सासवडच्या मुक्कामी टाचांच्या भेगा

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला पोचेपर्यंत तीसेक किलोमीटर चालणं होतं. माउलींच्या वाटेवरचा हा सगळ्यात लांब टप्पा. राहुटीत पाय पसरले की दिंडीतल्या निम्म्या टाचा फुटलेल्या दिसतात. सासवडला बहुधा दोन मुक्काम असतात, त्यामुळे टाचांकडे बघायला आम्हाला इथेच सवड मिळते.

टाचेच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात. पाऊल टेकलं की टाचेखालची चरबी दबून बाजूंना पसरते. मऊ कातडी तिच्याबरोबर ताणली जाते. जाड, कोरडी कातडी ताणत नाही, ती कडेला चिरते. मागून उघडी चप्पल या पसरण्याला अडवत नाही. त्यात पावसात भिजणं आणि उन्हात वाळणं आळीपाळीने चालूच राहतं.

शेतात राबणाऱ्या एका मावशींची टाच बाहेरच्या कडेला चिरली होती, तळाशी लाल दिसत होतं, पण पू नव्हता. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवला. जास्त वेळ ठेवला तर कातडी पांढरी, पोची होते आणि घासताना जिवंत भाग निघतो. मग वज्रीने फक्त भेगेच्या पिवळ्या, उभ्या कडा हलक्या हाताने उतरवल्या. तळाला हात लावला नाही. ब्लेड तर कुणीच लावू नये, त्याने जखमा होतात. टाच टिपून, ओल असतानाच भोवतीच्या जाड भागाला वीस टक्के युरिया असलेलं मलम चोळलं. उघड्या भेगेत युरिया झोंबतो, म्हणून तिथे साधं व्हॅसलीन. वर सुती मोजा घालून झोप. कोकणातल्या बायका कोकमाचं तेल वितळवून लावतात, तेही भेग झाकायला चांगलं. ते कोमट हवं, कढत नको.

सकाळी उलटं करायचं. चिकट टाचेवर धूळ बसते, पाय चपलेत घसरतो आणि फोड येतात. म्हणून मलम पुसून, टाच कोरडी करून, भेगेच्या कडा बोटांनी जवळ आणून चिकटपट्टी आडवी लावली. दोन दिवसांत मावशींचं रक्त थांबलं. जेजुरीला त्या चालतच गेल्या. जाडी मात्र इतक्यात उतरत नाही. त्यासाठी ज्येष्ठ लागायच्या महिनाभर आधीपासून रोज रात्री मलम लावायला हवं.

महिनाभर लावूनही फरक पडला नाही, तळव्यावर पिठासारखे पापुद्रे निघत असतील किंवा बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन खाजत असेल, तर बुरशीची शंका घ्यावी. तिला डॉक्टरांनी दिलेलं बुरशीवरचंच औषध लागतं. मधुमेह असणाऱ्यांना अनेकदा भेग दुखतच नाही, हीच अडचण. त्यांनी रोज रात्री टाच दुसऱ्याला दाखवावी, वज्री वापरू नये, आणि भोवती लाली, ऊब किंवा पू दिसला तर त्याच रात्री वाटेवरच्या वैद्यकीय पथकाकडे जावं.

चप्पल घेताना एवढं बघा: टाच तळव्याच्या कडेबाहेर येता कामा नये, आणि मागे पट्टा हवा.