तीन उत्तर दिशा आणि साक्रीकडचा बांध: माझा अनुभव

मी धुळ्यात ड्रॉइंगचं काम करतो, डिप्लोमा सिव्हिल. साक्री तालुक्यात आमच्या आप्पांचं वावर आहे, तिथे पोल्ट्रीचं शेड टाकायचं ठरलं. पोल्ट्री शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब बाजूने आत शिरत नाही. शेड उत्तरेकडच्या बांधाला समांतर घ्यायचं होतं. मोजणीवाल्याने जीपीएसचा रोव्हर लावून साइट प्लॅन दिलेला, त्यात बांधाची रेघ ए पासून बी पर्यंत, साधारण 80 मीटर, बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन 92 अंश 30 मिनिटं. ए म्हणजे रस्त्याकडचा दगड, बी म्हणजे आतला.

शेडचा ठेकेदार प्रिझमॅटिक कंपास घेऊन ए वर उभा राहिला, बी कडे बघितलं तर साडेअठ्ठ्याण्णव. सहा अंशांचा फरक. मग त्याने कंपासवर 92 लावून नजर टाकली तर ती रेघ बी च्या दगडापासून नऊ मीटर उत्तरेला, शेजाऱ्याच्या वावरात गेली. आता पुढचं काय सांगायचं, आप्पा लगेच म्हणाले, "दगड सरकाडी दिधा त्यानी, मन्हा वावरमा!" शेजारी तिथेच उभा. ठेकेदार मध्ये पडला आणि म्हणाला की असं नसतं, नकाशाची उत्तर वेगळी आणि चुंबकाची उत्तर वेगळी, फरक येणारच, एवढा तर चालतो. वातावरण निवळलं खरं पण मला ते पटेना, कारण फरक येतो हे बरोबर असलं तरी किती येतो याचं गणित असतं की.

तर आधी तिन्ही उत्तरा. खरी उत्तर म्हणजे उत्तर ध्रुवाकडची, रेखांश ज्या दिशेने जातात ती. ग्रिडची उत्तर म्हणजे नकाशावरच्या उभ्या चौकटीची. पृथ्वी गोल आणि कागद सपाट, त्यामुळे रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात पण ग्रिडच्या उभ्या रेघा एकमेकींना समांतरच राहतात, म्हणून दोघींत थोडा कोन पडतो, त्याला कन्व्हर्जन्स म्हणतात. आणि चुंबकीय उत्तर म्हणजे कंपासची सुई जिकडे बघते ती, खऱ्या उत्तरेपासून तिचा जो फरक तो डिक्लिनेशन.

आपल्या खानदेशाची गंमत अशी की इथे या तिन्ही जवळपास एकमेकींवर बसतात. रोव्हरवाले वापरतात ते यूटीएम ग्रिड 6-6 अंशांच्या झोनमध्ये असतं, आपला झोन 43, तो 72 ते 78 अंश पूर्व रेखांश आणि त्याची मधली रेघ 75 अंश. ही रेघ आपल्या अमळनेर-चाळीसगावच्या आसपासूनच जाते! मधल्या रेघेवर ग्रिड उत्तर आणि खरी उत्तर एकच, आणि जसजसं बाजूला जाल तसा फरक वाढतो. हिशोब अगदी सोपा:

```
γ = (λ − λ0) × sin φ
  = (74.3 − 75) × sin 21°
  = −0.7 × 0.358
  = −0.25°
```

74.3 हा साक्रीचा रेखांश, 21 हा अक्षांश. γ म्हणजे कन्व्हर्जन्स, ते आलं पाव अंश. उणे म्हणजे ग्रिडची उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला. त्यामुळे प्लॅनवरचं 92 अंश 30 मिनिटं खऱ्या उत्तरेपासून मोजलं तर 92 अंश 15 मिनिटं होतं. जळगावला गेलात तर चिन्ह उलटं, कारण ते 75 च्या पूर्वेला, पण फरक तिथेही पाव अंशाच्या आतच.

डिक्लिनेशनसाठी नोआ या अमेरिकन सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर कॅल्क्युलेटर आहे, तिथे अक्षांश, रेखांश, तारीख टाकली की कळतं. तारीख टाकावी लागते कारण ते सालागणिक बदलत जातं, जुन्या टोपोशीटवर म्हणूनच फरकाबरोबर सालही छापलेलं असतं. आपल्या भागात ते एक अंशसुद्धा भरत नाही. तरी समजा पूर्वेला अर्धा अंश धरला तर कंपासने 92 अंश 15 मिनिटांतून अर्धा वजा जाऊन पावणेब्याण्णव दाखवायला पाहिजे. आणि हातातला प्रिझमॅटिक कंपास वाचताच येतो अर्ध्या अंशापर्यंत, म्हणजे हा सगळा फरक काट्याच्या जाडीत विरघळून जातो. थोडक्यात साक्रीत कंपासने काम करताना तीन उत्तरांचा फरक सहा अंश काय, एक अंशही देऊ शकत नाही. तेव्हा एक तर दगड खरंच सरकलेला, नाहीतर सुईला कोणीतरी ओढतंय.

हे शोधायची पद्धत जुनीच आहे, चेन-कंपास सर्व्हेच्या तासाला सगळ्यांनी घोकलेली, पुढे बेअरिंग आणि मागे बेअरिंग. एखादी रेघ दोन्ही टोकांवरून बघितली तर दोन आकड्यांत बरोबर 180 चा फरक पाहिजे. मी बी वर गेलो, ए कडे बघितलं, 272. पुढचं साडेअठ्ठ्याण्णव, मागचं 272, फरक साडेएकशेत्र्याहत्तर. साडेसहा अंश गायब. इथेच आप्पांना सांगून टाकलं की हा फरक दगड सरकल्याचा नाही, दगड कुठेही असला तरी त्याच दोन बिंदूंतली रेघ दोन्हीकडून सारखीच दिसायला पाहिजे. दोन्हींपैकी एका ठिकाणी सुई ओढली जातेय.

कुठल्या ते ठरवायला तिसरा बिंदू लागतो. वावराच्या मधोमध एक निंब आहे, तो सी धरला. बी वरून सी 215, सी वरून बी 35. बरोबर 180. म्हणजे बी आणि सी दोन्ही चोख, खोट ए वर. मग बी वरच्या 272 मधून 180 वजा, आला 92, आणि वर काढलेलं पावणेब्याण्णव त्याच्या अगदी जवळ. बी चा दगड जागेवरच होता. शेजारी काही बोलला नाही, तंबाखू मळत राहिला.

ए वर काय आहे हे मग बघितलं. तारेचं कुंपण नाही, विजेचा खांब लांब, खिशातले मोबाईल-किल्ल्या आधीच बाजूला ठेवलेल्या. पण तो दगड रोवलाय तो काळ्या खडकाच्या धारेवर. साक्री-नंदुरबारकडे जे फिरलेत त्यांना माहिती असेल, वावरातून, डोंगरातून लांबच लांब काळ्या भिंतीसारख्या रांगा जातात. त्या डाइक, जुन्या लाव्ह्याच्या भेगांत थिजलेला दगड, आणि या दगडात मॅग्नेटाइट असतं. त्यात उघड्या धारेवर वीज पडलेली असली तर तेवढा तुकडा चांगलाच चुंबक होऊन बसतो. मी कंपास डोळ्याच्या उंचीवर धरून एका लांबच्या देवळाच्या कळसाकडे बघितलं आणि मग तसाच गुडघ्यापर्यंत खाली आणला तर सुई दगडाच्या जवळ जाताना सरळ सरळ फिरताना दिसली. ठेकेदाराचा पोऱ्या बघत होता, म्हणे "कंपास येडा व्हयना का भो?" सुई खाली नेल्यावर बदलली तर ओढणारं जमिनीत आहे, एवढं त्यातून कळतं.

दुसरी तशीच सोपी चाचणी, कळस दोनेक किलोमीटरवर असेल तर तुम्ही दहा मीटर इकडेतिकडे सरकलात तरी त्याचं बेअरिंग फार तर 0.3 अंश बदलायला पाहिजे, म्हणजे जवळपास बदलतच नाही. मी धारेवरून वावरात दहा-पंधरा पावलं उतरलो आणि आकडा कितीतरी अंशांनी पडला. ही चाचणी करायला पार्टनर लागत नाही, कुठल्याही नव्या साइटवर कंपासवर विश्वास ठेवायच्या आधी मी हीच करतो. (1904 मध्ये मुंबईची चुंबकीय वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला नेली ती विजेच्या ट्राम येणार म्हणून. आपण मात्र सळईच्या ढिगावर फोन ठेवून दिशा बघतो.)

फोनचं एक वेगळंच. आयफोनमध्ये "Use True North" चालू असलं तर तो खरी उत्तर दाखवतो, बंद असलं तर चुंबकीय. पण खडकाची किंवा लोखंडाची ओढ फोनला कळत नाही, डिक्लिनेशनची दुरुस्ती करून तो तेवढीच चुकीची दिशा मोठ्या आत्मविश्वासाने दाखवतो.

आप्पांचं समाधान आकड्यांवर होईना, म्हणून ए वरच उन्हाने दिशा काढली, कारण सूर्याला खडकाशी काही देणंघेणं नाही. ओळंब्यात सरळ रोवलेली काठी, सकाळी तिच्या सावलीच्या टोकावर खूण, तेवढ्याच लांबीच्या दोरीने काठीभोवती गोल, आणि दुपारनंतर सावलीचं टोक पुन्हा त्या गोलाला टेकलं की दुसरी खूण. सकाळची खूण पश्चिमेला, दुपारची पूर्वेला, दोन्ही जोडल्या की खरी पूर्व-पश्चिम रेघ. आप्पा म्हणाले बारा वाजताची सावली बघा ना, उत्तरेकडेच पडते. घड्याळाचे बारा धरून चालत नाही, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं. साक्रीत सूर्य माथ्याच्या रेषेवर यायला त्याहून साधारण 33 मिनिटं उशीर, आणि डिसेंबरअखेर ठीक बाराची सावली उत्तरेपासून दहाएक अंश हटलेली असते. हिवाळा होता म्हणून दुपारीही सावली होती, मे अखेरीस भर दुपारी सूर्य इतका डोक्यावर येतो की सावलीच उरत नाही.

त्या पूर्व रेघेवर दहा मीटर दोरी ताणली आणि ए-बी ची दोरी त्याच अंतरावर किती दक्षिणेला आहे ते मोजलं, चाळीस सेंटीमीटरच्या आसपास. सव्वादोन अंशाला दहा मीटरवर 39 सेंटीमीटर येतात. आप्पांनी टेप स्वतः धरला होता, मग काही बोलले नाहीत.

शेड शेवटी कंपासने नाहीच लावलं, ए-बी दोन्ही दगड बरोबर निघाले तेव्हा त्यांच्यात दोरी ताणून समांतर घेतलं. प्लॅनवर मात्र मी एक ओळ टाकून घेतली: "उत्तर: ग्रिड, EPSG:32643", हा यूटीएम झोन 43 चा कोड. ही ओळ नसली तर खानदेशातही गडबड होऊ शकते, कारण नागपूरकडचं एखादं ड्रॉइंग ऑफिस झोन 44 च्या टेम्प्लेटवर काम करत असेल तर त्याची मधली रेघ 81 अंशावर, आणि तेच सूत्र साक्रीला लावलं की कन्व्हर्जन्स उणे 2.4 अंश येतं. 80 मीटरवर ते सव्वातीन मीटरच्या वर जातं, आणि तिथे कंपास कितीही चोख असला तरी प्लॅनशी जुळणार नाही.