दोन दिवस जास्त

नोकरी सोडून परत आलेल्या माणसाची रुजू तारीख सिस्टीममध्ये भरायला मला एरवी दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी अख्खी दुपार गेली.

गृहस्थ आमच्याकडे 1 जून 2015 ला लागले होते आणि 31 मार्च 2022 ला राजीनामा देऊन रिलीव्ह झाले. पात्रतेचा प्रश्न नव्हता. एक्झिट फॉर्मवर ‘पुन्हा घेण्यास हरकत नाही’ असा शेरा होता, नोटीस पूर्ण केलेली होती. (हा रकाना साहेब लोक घाईत कसाही भरतात, म्हणून मी तो आधी बघते.)

घोडं अडलं ते खंडावर. आमचा नियम असा, की मधला खंड 365 दिवसांपेक्षा जास्त नसेल, तर जुनी सेवा जोडायची. ते 3 एप्रिल 2023 ला रुजू झाले. मोजले तर 367 दिवस भरले. म्हणजे सेवा शून्यापासून, रजा नवख्याइतकी.

ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, माझ्या नेमणुकीच्या पत्रावर रुजू व्हायची तारीख 20 मार्च आहे.”

पत्र काढून पाहिलं, खरंच होतं. तेव्हा आले असते तर खंड 353 दिवसांचा झाला असता. तारीख पुढे ढकलली होती आम्हीच, कागदपत्रांची पडताळणी रखडली म्हणून. त्यांनी दोनदा मेल करून विचारलंही होतं.

मी ते मेल जोडून अपवादाची टिपणी पाठवली, संध्याकाळी मंजुरी आली. पण सेवा जोडायची म्हणजे मधले दिवस सेवेत धरायचे असं नाही. मूळ तारीख 367 दिवस पुढे सरकवली आणि रेकॉर्डवर 2 जून 2016 टाकली. ही तारीख फक्त रजा आणि ज्येष्ठतेसाठी. जाताना मिळणाऱ्या रकमेसाठी 3 एप्रिल 2023 च धरायची, कारण आधीच्या वर्षांचा हिशोब चुकता झालेला होता. सिस्टीममध्ये हे दोन रकाने वेगळे आहेत. दोन्हीकडे एकच तारीख पडली, तर चूक तो माणूस पुन्हा नोकरी सोडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

पगारावर मात्र आमचं जमेना. सेवा जोडली म्हणजे चुकलेली वेतनवाढही मिळेल, असं त्यांनी धरलं होतं. मी सांगितलं, पगार जुन्या स्लिपवरून ठरत नाही, त्या पदाच्या आजच्या श्रेणीत शेजारच्या टेबलावरच्याला काय मिळतं ते बघून ठरतो. तो आकडा त्यांच्या मधल्या नोकरीपेक्षा थोडा कमीच होता. त्यांनी सही केली, पण चहाला थांबले नाहीत.

‘उशीर कंपनीचा असेल तर पत्रावरची तारीख धरावी’ ही ओळ मी दुसऱ्याच दिवशी नियमात घालायला पाठवली. ती अजून मसुद्यातच आहे.