बूथमध्ये ‘नुसता बसलेला’ तिसरा माणूस

पुण्यात सिंचनावर एक दिवसाची परिषद होती. इंग्रजी, मराठी आणि जपानी अशा तीन भाषा. समकालिक भाषांतर, म्हणजे वक्ता बोलत असतानाच श्रोत्यांच्या हेडफोनमध्ये दुसऱ्या भाषेत ऐकू येतं ते. दुभाषी नेमणं, त्यांच्या पाळ्या लावणं आणि दिवसभर सगळे चॅनेल कानाला लावून सभागृहात फिरणं हे माझं काम. त्या दुपारी जे झालं त्याचा हिशेब मला अजून नीट लागलेला नाही.

आयोजकांचा पहिला फोन नेहमीसारखाच होता. “मॅडम, तीन भाषा म्हणजे तीन माणसं ना?” नाही. भाषा मोजून माणसं ठरत नाहीत, तास भागूनही ठरत नाहीत. आधी बूथ किती ते ठरतं. इथे दोन पुरणार होते. पहिला इंग्रजी-मराठी, दुसरा इंग्रजी-जपानी, आणि दोन्ही बूथ दोन्ही दिशांनी काम करणार. शेतकरी मराठीत बोलला की पहिला बूथ ते इंग्रजीत आणतो आणि जपानी बूथ मूळ मराठी न ऐकता ते इंग्रजी ऐकून पुढे नेतो. याला आम्ही रिले म्हणतो. जपानी पाहुणा बोलला की हीच साखळी उलटी चालते. म्हणजे व्यासपीठावर कोणतीही भाषा असो, दोन्ही बूथमध्ये एकेक माईक सतत चालूच. ‘मराठीत बोलतील तेव्हा जपानीवाले मोकळे’ असा कुणाचा समज असेल तर तो इथेच सोडावा.

मग वेळ. साडेनऊ ते सहा, त्यातून जेवणाचा एक तास आणि चहाची दोन पाव तासं वजा केली की उरतात सात तास. बूथमध्ये दोघं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन तास माईक, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळीने. तिघं असतील तर वीस-वीस मिनिटांच्या पाळीने प्रत्येकी दोन तास वीस मिनिटं. दोघांच्या बूथसाठी सात तास म्हणजे अगदी कड. संयुक्त राष्ट्रांत दिवसाला तीन-तीन तासांच्या दोन बैठका धरतात. तिथेही अरबी आणि चिनी बूथमध्ये दोनऐवजी तिघं असतात, कारण त्यांना दोन्ही दिशांनी काम करावं लागतं.

अर्धा तास हा आकडा कुणाच्या सोयीने आलेला नाही. १९९८ साली बार्बरा मोझर-मर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुभाष्यांना नेहमीपेक्षा लांब पाळ्या देऊन तपासलं. अर्ध्या तासानंतर अर्थाच्या चुका वाढत गेल्या, आणि आपलं काम घसरतंय हे दुभाष्यांना स्वतःला कळत नव्हतं. म्हणूनच ‘दमलात की सांगा, मग बदलू’ ही पद्धत चालत नाही. दमलेला माणूस ‘मी ठीक आहे’ असंच सांगतो आणि ते त्याला खरंही वाटत असतं. बदल घड्याळावर होतो, मात्र घड्याळाच्या काट्यावर नव्हे. पुढची व्यक्ती दोन-तीन मिनिटं आधीच हेडफोन लावून वक्त्याचा सूर पकडते. वक्त्याचा मुद्दा संपला, स्लाइड बदलली की हाताने खूण होते आणि माईक तिच्याकडे जातो. उत्तर अर्ध्यावर असताना किंवा आकड्यांच्या रांगेत बदल करायचा नाही, मग तीन मिनिटं जास्त झाली तरी चालतील.

जपानी बूथसाठी मी तिघं मागितले आणि ते मिळाले. वाक्यातलं क्रियापद जपानीत शेवटी येतं, इंग्रजीत ते लवकर लागतं. त्यामुळे अर्ध्याहून अधिक वाक्य डोक्यात धरून थांबावं लागतं. जपानमध्येही तिघांचा चमू आणि पंधरा-वीस मिनिटांची पाळी हीच रीत आहे. मराठी बूथला मी दोघं ठेवले. सकाळची तिन्ही भाषणं इंग्रजीत होती, त्यातल्या दोघांच्या लिखित प्रती आदल्या दिवशी हातात आल्या होत्या. असं भाषण मिळणं ही आमच्याकडे चैन समजली जाते. एकूण पाच माणसं.

सकाळ तशी सरळ गेली. एका वक्त्याने आपली प्रत वाचून दाखवताना वेग चांगलाच वाढवला, पण कागद समोर असल्याने निभावलं. जेवणाच्या वेळी आयोजकांपैकी एकजण आले. जपानी पाहुण्यांतले चौघं दुपारी छोट्या दालनात इथल्या अभियंत्यांना स्वतंत्र भेटणार होते, दोघं मोठ्या सभागृहातच थांबणार होते. “तुमचा एकजण तिकडे द्या की. सकाळपासून बघतोय, तिघांतले दोघं नुसतेच बसलेले असतात.”

हा ‘नुसता बसलेला’ माणूस काय करतो ते कुणी बूथच्या काचेजवळ उभं राहून पाहावं. माईकवरची व्यक्ती बोलत असते तेव्हा शेजारची तिच्या डोळ्यांपुढे कागद धरून आकडे, नावं, संक्षेप लिहीत असते. सिंचनाच्या परिषदेत तर हे लिहिणंच निम्मं काम. आपल्याकडे धरणाचं पाणी टीएमसीत मोजतात, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे दोन कोटी ८३ लाख घनमीटर. मराठीत लाख-कोटी, इंग्रजीत मिलियन, जपानीत दहा हजारांचा एक ‘मान’ आणि दहा कोटींचा एक ‘ओकू’. साडेतीन लाख इंग्रजीत तीनशे पन्नास हजार होतात आणि जपानीत पस्तीस मान. त्यातून आपले दीडशे, अडीच हजार, पाऊण कोटी आहेतच. बोलता बोलता ही गणितं डोक्यात करणं म्हणजे सायकल चालवता चालवता तिची साखळी बसवणं. ते गणित शेजारच्याने कागदावर करून द्यायचं असतं.

तिघांच्या बूथमध्ये एक बोलतो, एक लिहून देतो आणि एक बाहेर जाऊन खरोखर विसावतो. दोघांच्या बूथमध्ये दुसऱ्याने एकतर मदत करायची किंवा विसावा घ्यायचा. दोन्ही एकाच वेळी होत नाही. तिसऱ्या माणसाने माईकचा वेळ एक तास दहा मिनिटांनी कमी होतो हे कागदावर दिसतं. विसावाही मिळतो आणि लिहिणाराही कायम राहतो, हे मात्र कुठल्याच हिशेबात दिसत नाही. आयोजकांना दिसतो तो कॉफी पिणारा माणूस.

नाही म्हणून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून मी अट घातली. एकजण तिकडे जाईल, पण समकालिक करणार नाही. वक्ता थांबेल, मग दुभाषी बोलेल. वेळ जवळपास दुप्पट लागेल, म्हणून विषय निम्मे करा आणि पाऊण तासाने खंड घ्या. एकट्या माणसाकडून दीड तास कानात कुजबुजून घ्यायचं ठरत होतं, ते टळलं. मोठ्या सभागृहातल्या जपानी बूथमध्ये मात्र दोघी उरल्या आणि पाळी वीसवरून तीस मिनिटांवर गेली.

दोन ते पावणेचार शेतकऱ्यांशी खुली चर्चा होती. कार्यक्रमपत्रिकेत तिच्यापुढे ‘प्रश्नोत्तरे’ एवढाच शब्द. जवळजवळ सगळी मराठीत झाली. मराठी बूथमध्ये दर अर्ध्या मिनिटाला दिशा बदलत होती. शेतकरी बोलला की मराठीतून इंग्रजीत, तज्ज्ञ बोलला की इंग्रजीतून मराठीत. दर वेळी कन्सोलवर बाहेर जाणारा चॅनेल बदलायचा, नाहीतर मराठी आवाज इंग्रजीच्या चॅनेलवर जातो. शिवाय जपानी बूथ त्यांच्याच इंग्रजीवर चालला होता, म्हणजे त्यांनी आवंढा गिळला तरी पुढची साखळी तुटणार. माईकची मिनिटं सकाळएवढीच होती. काम दुप्पट नसेल, पण त्याच्या जवळपास नक्की होतं.

एका शेतकऱ्याने सांगितलं की पाच एकरांच्या ठिबकला साडेतीन लाख खर्च आला. थोड्या वेळाने जपानी पाहुण्यांनी विचारलं, इतका महाग संच सामान्य शेतकऱ्याला परवडतो कसा? शेतकरी गोंधळला. पाहुण्यांच्या कानात पस्तीस लाख पोहोचले होते. साउंडवाल्याकडे सगळ्या चॅनेलची ध्वनिमुद्रणं होती, ती नंतर ऐकली. मराठी बूथने तीनशे पन्नास हजार बरोबर सांगितलं होतं. जपानीत ते साडेतीनशे मान झाले, पाळीच्या सत्ताविसाव्या मिनिटाला. शेजारची खुर्ची तेव्हा रिकामी होती, आणि ती असायलाच हवी होती. तिला तीन मिनिटांत माईक घ्यायचा होता, त्याआधी पाणी पिऊन येणं भागच होतं. यात मी त्या दोघींपैकी कुणालाही बोल लावणार नाही.

तरीही खरी घसरण जपानी बूथमध्ये नव्हती, ती मराठीत होती आणि चारनंतर दिसली. आवाज एकसुरी झाला. वाक्यं इंग्रजीच्या क्रमाने मराठीत येऊ लागली, काही क्रियापदापर्यंत पोहोचलीच नाहीत. दुभाषी वक्त्याच्या फार जवळून, शब्दामागे शब्द टाकत चालला, ही दमल्याची हमखास खूण. कारण अर्थ धरून मागे राहायला ताकद लागते. समोरच्या रांगेत दोघांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मी पाळी पंधरा मिनिटांवर आणली. त्याने वाक्यं थोडी सावरली, पण माणसं दोनच होती आणि एकूण भार तेवढाच.

न्यूरेंबर्गच्या खटल्यात, १९४५-४६ साली, बारा-बारा दुभाष्यांचे तीन चमू होते आणि ८५ मिनिटांनी चमू बदलत असे. चार भाषांची चार टेबलं, प्रत्येकावर तिघं. त्या तिघांत प्रत्येकाकडे एकेक मूळ भाषा. आरोपी जर्मनमध्ये बोलत राहिला की इंग्रजीच्या टेबलावर जर्मनवाल्यावरच सगळा भार. ८५ मिनिटं सगळ्यांना सारखी, काम मात्र कुणाच्या तोंडी कोणती भाषा आहे त्यावर. आपल्या दोघांच्या मराठी बूथचं त्या दुपारी तेच झालं.

सहावा माणूस मराठी बूथला हवा होता, हे आता सांगणं सोपं आहे. पाचच मिळणार असतील तर तिसरा कुठे बसवायचा, यावर मी अडते. जपानीत दोघं ठेवले तर सकाळच्या तांत्रिक भाषणांत तीच गत होईल. आता मी पत्रिका आली की ‘प्रश्नोत्तरे’समोर दोन गोष्टी लिहून मागते: कोणत्या भाषेत आणि किती वेळ. अर्ध्या तासाहून जास्त मराठी चर्चा असेल तर त्या बूथला तिघं. आयोजक म्हणतात, ते आधी कसं सांगणार? सभागृहात कोण येणार हे त्यांना माहीत असतं, तर हेही सांगता येतं.

दुसरा एक मार्ग एका सहकाऱ्याने सुचवला. पुण्यात जपानी शिकलेली माणसं खूप, त्यांतले काही मराठीतून थेट जपानीत जाऊ शकतील. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी, रिलेही वाचेल. मोह पडतो. पण हे त्या बूथमधल्या प्रत्येकाला यायला हवं. एकालाच येत असेल तर त्याची वीस मिनिटांची पाळी संपली की रिले पुन्हा सुरू, आणि मराठी बूथला कोणत्या वीस मिनिटांत आपल्यावर कुणी अवलंबून आहे याचीही नोंद ठेवावी लागेल. तिघंही तसे मिळाले तर मी लगेच पाळ्या लावायला बसेन. अजून दोघंच सापडले आहेत.