घाटंजीची शेततळी अरबी समुद्रात

मागच्या जूनमधली गोष्ट आहे, पेरण्या तोंडावर आलेल्या आणि आमच्या पाणलोटाच्या कामाचा नकाशा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर पाठवायचा होता. घाटंजीजवळच्या एका गावातली २७ शेततळी, प्रत्येकाचा चौकोन काढलेला, गट नंबर आणि मालकाचं नाव भरलेलं. मोजणी एका बाहेरच्या एजन्सीने केली होती आणि त्यांची शेपफाईल, म्हणजे नकाशातल्या आकारांची फाईल, मला मेलवर आली ती संध्याकाळी पाच वाजता. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, खाली सॅटेलाइट फोटो लावला, झूम टू लेयर केलं तर स्क्रीनभर नुसतं निळं. मला वाटलं नेट स्लो आहे, फोटो लोड व्हायचाय. मग झूम आउट करत गेले तेव्हा कळलं की ते निळं म्हणजे अरबी समुद्र आहे, डहाणू-उंबरगावच्या किनाऱ्यापासून चाळीसेक किलोमीटर आत, आणि आपली सगळी तळी तिथे ओळीने नीट मांडलेली.

तेवढ्यात गावातल्या एका काकांचा फोन. त्यांचं तळं यादीत सातव्या नंबरला. "ताई, साहेब म्हणून राहिले का ऑनलाइन नकाशात आमचं वावरच दिसत नाही. मंग आमचे पैसे अडकतीन का?" म्हणजे ही फाईल आधीच कोणीतरी पोर्टलवर चढवून पाहिली होती. मी म्हटलं काका, रात्रीपर्यंत वेळ द्या, तळं कुठं जात नाही.

आता पहिली चूक बहुतेक लोक करतात ती मीही केली. मीटरमध्ये मोजण्यासाठी पृथ्वीचे जे उभे यूटीएम पट्टे पाडलेत, त्यातल्या झोन ४४ मध्ये घाटंजी येतं हे मला माहीत होतं, म्हणून लेयरवर राइट क्लिक करून सेट लेयर सीआरएसमध्ये, म्हणजे आकडे कोणत्या मापपद्धतीतले ते सांगायच्या जागी, झोन ४४ चा कोड `EPSG:32644` दिला. तर तळी समुद्रातून उठली आणि थेट विषुववृत्तावर, मालदीवच्या पूर्वेला जाऊन पडली, आणि २७ चौकोनांचा मिळून एक ठिपका झाला. तेव्हा थांबले आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे लेयर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एक्स्टेंटचे, म्हणजे लेयर कुठून कुठपर्यंत पसरलाय त्याचे, आकडे वाचले. एक्स ७२.३१, वाय २०.१५. हे अंश आहेत, मीटर नाहीत. झोन ४४ दिल्यावर सॉफ्टवेअरने तेच आकडे ७२ मीटर आणि २० मीटर असे वाचले, मग सगळी तळी एका ठिपक्यात मावणारच.

सेट सीआरएसने आकडे बदलत नाहीत, फक्त हे आकडे कोणत्या मापात आहेत ते सांगितलं जातं. रीप्रोजेक्टने खरोखर आकडे बदलतात. हा फरक डोक्यात पक्का नसला की माणूस लेबलं बदलत बसतो आणि फाईल प्रत्येक वेळी नव्या देशात दिसते.

मग अक्षांश पाहिला. २०.१५ म्हणजे बरोबर, घाटंजी तिथेच आहे. रेखांश मात्र ७२.३१ आणि असायला हवा ७८.३१. बरोबर ६ अंशांचा फरक, इकडच्या अक्षांशावर साधारण सव्वासहाशे किलोमीटर. हा ६ चा आकडा दिसला की डोक्यात घंटा वाजली पाहिजे, कारण यूटीएमचा एक झोन ६ अंशांचाच असतो. ७२ ते ७८ झोन ४३, ७८ ते ८४ झोन ४४. आणि ही ७८ ची रेषा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातूनच जाते, दारव्हा, दिग्रस, पुसद तिच्या पश्चिमेला आणि यवतमाळ शहर, घाटंजी, राळेगाव, वणी पूर्वेला. एकाच जिल्ह्यात दोन झोन, त्यामुळे आमच्याकडे ही गडबड होणं काही नवल नाही.

एजन्सीच्या ऑपरेटर भाऊला फोन लावला. बिचारा प्रामाणिकपणे सांगत होता. मोजणीवाल्या पोराने त्याला व्हॉट्सअॅपवर तीनच फायली पाठवलेल्या, `.shp`, `.shx` आणि `.dbf`. `.prj` राहून गेली. ती एका ओळीची टेक्स्ट फाईल असते, नोटपॅडमध्ये उघडली तर `PROJCS["WGS_1984_UTM_Zone_44N"` असं काहीतरी वाचता येतं, आणि तीच नसली की सॉफ्टवेअरला आकडे दिसतात पण ते कुठले ते कळत नाही. भाऊ आधी सहा महिने दारव्हा भागात काम करत होता, त्याने सवयीने ४३ दिलं. वरून पोर्टलला अंशांमधली फाईल लागते म्हणून ती `EPSG:4326` मध्ये एक्सपोर्ट करून टाकली. म्हणजे चुकीचं लेबल लावून त्यावरच आकडे बदलले, चूक फाईलच्या पोटात गेली. "पण मॅडम, एरिया तर बरोबर येत होता," तो म्हणाला. खरंच येत होता, ३० बाय ३० चं तळं ९०० चौरस मीटरच दाखवत होतं. कारण झोन चुकला तरी मीटर मीटरच राहतात आणि दोन्ही झोनची आखणी सारखीच, नुसती ६ अंश सरकवलेली. एरिया पाहून झोनची चूक कधीच सापडणार नाही.

मूळ फाईल मागितली तर ती त्या पोराच्या फोनमधून डिलीट झालेली. मग ज्या वाटेने बिघडली त्याच वाटेने उलटं जायचं ठरवलं. आधी चुकीच्या फाईलला ४३ मध्ये रीप्रोजेक्ट करायचं, म्हणजे मोजणीचे मूळ मीटरमधले आकडे परत मिळतात, आणि मग त्या आकड्यांना हात न लावता फक्त लेबल ४४ चं द्यायचं.

```
ogr2ogr -t_srs EPSG:32643 mul.shp chuk.shp
ogr2ogr -a_srs EPSG:32644 barobar.shp mul.shp
```

पहिल्या ओळीतलं `-t_srs` आकडे बदलतं, दुसरीतलं `-a_srs` नुसतं लेबल लावतं. पहिल्या ओळीनंतर काकांच्या तळ्याच्या कोपऱ्याचा आकडा आला `218798, 2230356`. इथे मला खात्री पटायला लागली, कारण घाटंजीचा एक्स झोन ४३ मध्ये मोजला तर ८ लाख ४६ हजारांच्या आसपास यायला पाहिजे, २ लाख १८ हजार हा झोन ४४ चाच आकडा आहे.

तरी अंदाजावर फाईल पाठवायची नव्हती. काकांना फोन केला की तळ्याच्या उगवतीच्या वरच्या कोपऱ्यावर उभं राहून व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवा. साडेसहा वाजले होते, ते पोराला घेऊन गाडीवर वावरात गेले, धुऱ्यावरून चालत चालत फोनवर बोलत होते, "आता उभा आहो ताई, पाठवलं पा." पिन आली. ती लेयरवर टाकली तर कोपऱ्यापासून सहा मीटरवर. फोनच्या जीपीएसला तेवढी चूक चालते. शे-दीडशे मीटर सरकलेलं आलं असतं तर गोष्ट वेगळी, मग जुन्या टोपोशीटच्या एव्हरेस्ट डेटमचा, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापाचा, संशय घ्यावा लागला असता आणि झोन बदलून तो सुटत नाही. पण एकाच तळ्यावर भरवसा नको म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाची दोन तळी सॅटेलाइट फोटोवर तपासली, दोन्हींचे बांध चौकोनाच्या रेषेवर बसले.

मग ही फाईल पुन्हा `EPSG:4326` मध्ये एक्सपोर्ट केली, चारही फायली एका झिपमध्ये बांधल्या, `.prj` आत आहे का ते झिप उघडून पाहिलं, आणि भाऊला सांगितलं की पुढे सुट्या फायली पाठवायच्या नाहीत. रात्री नऊला काकांना स्क्रीनशॉट पाठवला. फोटोत त्यांचं काळ्या प्लास्टिकच्या अस्तराचं तळं, शेजारी निंबाचं झाड, आणि त्यावर लाल चौकोन. त्यांचा लगेच मेसेज आला, "हे निंब माह्या आज्यानं लावलं होतं."