नऊ क्लिकांसाठी अकरा थंबनेल बदलले, माझा अनुभव

यूट्यूबवर एकाच व्हिडिओला दोन थंबनेल लावून कुठला जास्त चालतो याची टेस्ट करणार असाल तर आधीच सांगतो, कम्प्युटरवरच करा. मी केली तेव्हा मोबाइलच्या स्टुडिओ ॲपमध्ये थंबनेलची टेस्ट लावायची सोयच नव्हती आणि त्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. असो, ती गोष्ट किरकोळ. मला राग आहे तो त्या चौदा दिवसांचा, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधीच्या सहा दिवसांचा जास्त.

आमचं चॅनल लहान. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले पदार्थ दाखवतो, बघणारे अर्धे इकडचे, अर्धे पुण्या-मुंबईला गेलेले. वहिनीनं मांडे केले त्याचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ टाकला आणि थंबनेल दोन तयार झाले. एकात उलट्या खापरावर पसरलेला मांडा, दुसऱ्यात वहिनी दोन्ही हातांवर मांडा तोलून धरलेली, चेहऱ्यासकट. मला दुसरा आवडला, भावाला पहिला. म्हटलं भांडण नको, आकडेच सांगू देत की.

तर मी काय केलं, शुक्रवार ते रविवार पहिला ठेवला, सोमवारी बदलून बुधवारपर्यंत दुसरा. दोन्हीला इम्प्रेशन, म्हणजे थंबनेल लोकांसमोर किती वेळा आला तो आकडा, जवळपास 600 आले. पहिल्यावर 30 क्लिक म्हणजे 5 टक्के, दुसऱ्यावर 39 म्हणजे साडेसहा. झालं! मी भावाला जेवताना ऐकवलं, वहिनीला सांगितलं तुमच्या चेहऱ्यानं चॅनल चालतंय, आणि त्याच रात्री जुन्या अकरा व्हिडिओंचे थंबनेल बदलून चेहऱ्याचे करून टाकले. एक वाजेपर्यंत जागून.

चिक्कोडीकडचा एक मित्र साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, उसाच्या रसाचे नमुने तपासतो. त्याला फोनवर फुशारकीनं सांगितलं तर म्हणाला, "एका गाडीचा नमुना बघून अख्ख्या हंगामाचा उतारा सांगतोस होय रे?" मग त्यानं मला एक हिशोब सांगितला, तो खरोखर कामाचा आहे. दोन्हीला इम्प्रेशन सारखे असतील आणि क्लिक शेकडा थोडेच येत असतील, तर दोन्हीचे क्लिक मिळवायचे, त्याचं वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायचं. दोघांतला फरक त्याहून मोठा असेल तर बोलायचं, नाहीतर गप बसायचं. माझे 30 आणि 39, बेरीज 69, वर्गमूळ साधारण 8.3, दुप्पट साडेसोळा. आणि माझा फरक किती, तर 9. म्हणजे 9 क्लिकांवर मी अकरा थंबनेल बदलले.

मला पटेना. तेव्हा त्यानं शीटमध्ये हे टाकायला लावलं:

```
=SUMPRODUCT(--(RANDARRAY(600)<0.05))
```

याचा अर्थ, 600 लोकांना थंबनेल दिसला आणि प्रत्येकानं क्लिक करायची शक्यता बरोब्बर 5 टक्के, तर क्लिक किती आले. हेच शेजारच्या दोन रकान्यांत टाकायचं आणि खाली वीस ओळी ओढायच्या. दोन्ही रकान्यांत थंबनेल एकच आहे असं समजा, फरक काहीच नाही. तरी एकीकडे 24 तर दुसरीकडे 36 असले आकडे दिसतात. 9 किंवा जास्तीचा फरक साधारण दर चार ओळींत एकदा येतोच. म्हणजे काहीही फरक नसताना मला किंवा भावाला, कुणाला तरी एवढाच "विजय" चारात एकदा मिळाला असता. हे बघितल्यावर मी जरा वेळ कुणाशी बोललोच नाही.

त्यात वार वेगळे होते हे तर मी धरलंच नव्हतं. रविवारी बघणारे वेगळे, मंगळवारी वेगळे. सोमवारी भावानं भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली, व्ह्यू वाढले, मी त्याचंही श्रेय नव्या थंबनेलला दिलं. पण बाहेरच्या लिंकवरून आलेल्याला यूट्यूबवर थंबनेल दिसलेलाच नसतो, तो इम्प्रेशनमध्ये मोजलाच जात नाही. म्हणून नुसते व्ह्यू बघू नका.

मग म्हटलं रीतसर करू. स्टुडिओमध्ये टेस्टची सोय आहे, मी केली तेव्हा तिचं नाव Test & Compare होतं, तीनपर्यंत थंबनेल टाकता येतात, एकाच काळात काहींना एक दिसतो, काहींना दुसरा, त्यामुळे वाराचा घोळ संपतो. शॉर्ट्सवर चालत नाही. लावणं पाच मिनिटांचं काम. पण यात निकाल क्लिकवर नाही, वॉच टाइमच्या वाट्यावर असतो, म्हणजे लोकांनी बघण्यात घालवलेल्या एकूण वेळातला किती टक्के कुठल्या थंबनेलमुळे आला त्यावर, आणि कुठल्या थंबनेलला किती क्लिक ते तिथं दिसत नाही, म्हणजे वर्गमुळाचा हिशोब तिथं लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी 61 विरुद्ध 39, वहिनीवाला पुढे. मी लगेच मित्राला स्क्रीनशॉट. तो म्हणाला बघू नकोस. मी रोज बघितलं. सहाव्या दिवशी 55-45. दहाव्या दिवशी मांडाच पुढे, 53-47. थोडे बघणारे असले की असंच होतं, एखादी मावशी चौदा मिनिटं पूर्ण बघते आणि दोन-दोन मिनिटांत उठून जाणाऱ्या सात जणांएवढी एकटीच भरते. रोज बघण्याचा धोका हाच, एखाद्या दिवशी आपल्याला हवा तो आकडा येतोच आणि तिथंच थांबावंसं वाटतं. मी तिसऱ्या दिवशी थांबणारच होतो, बटणावर हात होता.

चौदाव्या दिवशी निकाल: स्पष्ट फरक नाही. चौदा दिवस! एवढी चिडचिड झाली की काय सांगू.

पण हिशोब आधी केला असता तर ते पहिल्याच दिवशी कळलं असतं. 5 आणि साडेसहा टक्के हा फरक क्लिकमध्ये भरवशानं पकडायला प्रत्येक थंबनेलला साधारण 4 हजार इम्प्रेशन लागतात, दोन्हीचे 8 हजार. आम्हाला दिवसाला मिळतात 200. म्हणजे चाळीस दिवस, आणि वॉच टाइम तर क्लिकपेक्षा जास्त हेलकावे खातो. टेस्ट मात्र साधारण दोन आठवड्यांत संपते. उलट फरक खरंच 4 आणि 8 टक्क्यांचा असेल तर प्रत्येकी 600 च्या आसपास पुरतात. म्हणून लहान चॅनलवाल्यांनी पिवळी अक्षरं की पांढरी असल्या टेस्ट करू नयेत, एकमेकांशी काही संबंध नाही इतके वेगळे थंबनेल लावावेत. शिवाय सगळे 1280 बाय 720 चे ठेवा, एक जरी बारका असला तरी टेस्टमधले सगळे कमी दर्जाचे दाखवतात.

आणि "स्पष्ट फरक नाही" म्हणजे दोन्ही सारखेच असंही नाही हं, आमच्याकडच्या गर्दीत तो दिसला नाही एवढंच. भाऊ मात्र तेव्हापासून "मी सांगत होतो" म्हणतोय, त्याला हे वाक्य तीनदा वाचून दाखवलं.

सध्या वहिनीवालाच ठेवलाय, कारण तिला तो आवडतो. ते अकरा व्हिडिओ तसेच आहेत, परत बदलायचे म्हटले तर त्यालाही माझ्याकडे आकडा नाही. आता कुंद्याचा व्हिडिओ येतोय, त्यात एका थंबनेलवर नुसती कढई आणि दुसऱ्यावर खात असलेला पुतण्या, आणि निकाल बघायचा पासवर्ड वहिनीकडे दिलाय.